एकच मसाला, तीन वाटा: मार्केटप्लेस, डी-टू-सी आणि सबस्क्रिप्शनमध्ये शेवटी हातात किती उरतं?



डिजिटल बिझनेस कोर्सच्या या भागात आपण ई-कॉमर्सची तीन मॉडेल्स बघितली. व्हिडिओत हिशोब भराभर पुढे सरकतो, म्हणून तोच इथे सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी तुम्हाला स्वतःचे आकडे घालायचे आहेत.

आधी व्याख्या, अगदी थोडक्यात. मार्केटप्लेस म्हणजे अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारखा दुसऱ्याचा बाजार. गिऱ्हाईक त्यांचं, माल तुमचा. डी-टू-सी म्हणजे तुमची स्वतःची वेबसाइट, जिथे गिऱ्हाईक थेट तुमच्याकडून घेतं. आणि सबस्क्रिप्शन म्हणजे आपला रतीब. दूधवाला रोज विचारत नाही, 'आज किती टाकू?' एकदा ठरलं की माल येत राहतो आणि पैसे जात राहतात.

आता बरेच जण विचारतात, 'सर, यातलं बेस्ट कुठलं?' या प्रश्नाला नुसतं उत्तर देता येत नाही. एक माल घेऊ, तोच तिन्ही वाटांनी विकू आणि प्रत्येक वेळी हातात किती उरतं ते बघू.

आपला माल

समजा तुम्ही सातारला घरगुती गोडा मसाला करता. २०० ग्रॅमचं पाऊच, विक्री किंमत ₹२५२. मसाल्यावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ₹२५२ मधले ₹१२ सरकारचे आणि तुमचे ₹२४०. धणे, खोबरं, तीळ, दगडफूल, भाजणं, दळणं, मजुरी आणि पाऊच मिळून एका पाकिटाचा खर्च ₹९०.

हे सगळे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. कमिशन, कुरियर, जाहिरात यांचे दर कॅटेगरीप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलतात, त्यामुळे तुमच्या मालाचा दर त्या दिवशीच्या रेट कार्डवरच बघायचा. पद्धत मात्र हीच राहील. शिवाय सोपं जावं म्हणून सगळे खर्च जीएसटी वगळून घेतलेत आणि कच्च्या मालावरचं क्रेडिट बाजूला ठेवलंय.

पहिली वाट: मार्केटप्लेस

तुम्ही एक पाऊच लिस्ट केलं आणि ते विकलं गेलं. तुमच्या ₹२४० मधून काय काय जातं बघा:

- माल: ₹९०
- बाहेरचा खोका आणि टेप: ₹१०
- कमिशन, ८ टक्के धरून: ₹२०
- दर ऑर्डरमागे ठरलेली फी: ₹१५
- शिपिंग: ₹६०
- मार्केटप्लेसवरची जाहिरात, सरासरी: ₹२५
- परत येणाऱ्या आणि खराब होणाऱ्या पार्सलसाठी तरतूद: ₹६

बेरीज होते ₹२२६. म्हणजे ₹१४ उरले असं वाटतं. पण इथे एक खर्च बहुतेकांच्या वहीत नसतोच.

मार्केटप्लेसची फी, शिपिंग आणि जाहिरात या सेवा आहेत आणि त्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. आपल्या उदाहरणात या सेवा ₹१२० च्या, म्हणजे त्यावर जवळपास ₹२२ जीएसटी. तुम्ही म्हणाल, 'त्याचं क्रेडिट मिळतं की!' मिळतं. पण वापरायचं कुठे? गिऱ्हाईकाकडून तुम्ही फक्त ₹१२ जीएसटी गोळा केलाय. ₹२२ क्रेडिटमधले ₹१२ वापरले गेले आणि उरलेले ₹१० खात्यात पडून राहिले. रिफंड मागावा, तर सेवांवरच्या क्रेडिटचा अशा प्रकारे रिफंड मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हा नियम कायम ठेवला. तुम्ही दुकानदारांनाही मसाला विकत असाल तर तिथल्या जीएसटीत हे क्रेडिट मुरतं. पण धंदा फक्त ऑनलाइन असेल, तर हे ₹१० खर्चच समजा.

आता उरले ₹४.

हे ₹४ नीट बघा. महिन्याला १,००० ऑर्डर्स गेल्या तर सेलर पॅनलवर ₹२,५२,००० ची विक्री दिसेल. हाताशी उरतात ₹४,००० आणि त्यातून अजून वीजबिल, जागेचं भाडं आणि तुमचा स्वतःचा पगार जायचाय. पार्सल परत येण्याचं प्रमाण दुप्पट झालं, तर तेही ₹४ जातात आणि प्रत्येक ऑर्डरला ₹२ घरातून घालावे लागतात. विक्रीचा आलेख वर जातोय आणि बँकेतला पैसा कमी होतोय, असं दिसलं तर कारण बहुतेक वेळा हेच असतं.

काही मार्केटप्लेस 'झिरो कमिशन' म्हणतात. मीशोने २०२१ पासून हे धोरण ठेवलं, अॅमेझॉन इंडियाने एप्रिल २०२५ मध्ये ₹३०० च्या आतल्या अनेक वस्तूंवरचं कमिशन काढलं. चांगली गोष्ट आहे. पण वरच्या यादीत कमिशन आहे फक्त ₹२०. शिपिंग आणि जाहिरात मिळून ₹८५ आहेत. छोट्या किमतीच्या मालाला सगळ्यात जास्त खातं ते शिपिंग.

मग यातून वाट काय? वजनाचा टप्पा

कुरियरचे दर सहसा ५०० ग्रॅमच्या टप्प्याने वाढतात. १०० ग्रॅम पाठवा की ४९० ग्रॅम, पैसे तेवढेच. तुमचं एक पाऊच खोक्यासकट २५० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे अर्ध्या टप्प्याचे पैसे तुम्ही हवेसाठी भरताय. दोन पाऊच एकत्र पाठवले तर खोक्यासकट ४७०-४८० ग्रॅम होतात आणि त्याच ₹६० मध्ये जातात. पाऊच २५० ग्रॅमचं असतं तर मात्र दोन्ही मिळून ५०० च्या वर गेले असते आणि दुसरा टप्पा लागला असता. पाऊच किती ग्रॅमचं करायचं, हे खरं तर कुरियरच्या रेट कार्डकडे बघून ठरवायचं असतं. खोकाही मोठा घेऊ नका. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागलं की जे किलो येतात, ते प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असतील तर बहुतेक कुरियर त्यावर पैसे लावतात.

आता दोन पाऊचची जोडी ₹४८३ ला लिस्ट करा. दोन सुटे घेतले असते तर ₹५०४, म्हणजे गिऱ्हाईकाला ₹२१ सूट. जीएसटी ₹२३ गेला, तुमचे ₹४६०. माल ₹१८०, खोका ₹१२, कमिशन ₹३९, ठरलेली फी ₹२०, शिपिंग ₹६०, जाहिरात ₹३०, परतीची तरतूद ₹८ आणि अडकलेलं क्रेडिट ₹४. बेरीज ₹३५३, उरले ₹१०७.

एका पाऊचला ₹४, जोडीला ₹१०७. माल तोच, बाजार तोच. म्हणून मार्केटप्लेस 'परवडतं की नाही' असं विचारू नका. एका खोक्यात किती रुपयांचा माल जातोय ते विचारा. इथून पुढे आपण सगळी तुलना जोडीवरच करू, म्हणजे ती न्याय्य होईल.

सेटलमेंट रिपोर्टमध्ये अजून दोन छोट्या कपाती दिसतील: जीएसटीचा टीसीएस ०.५ टक्के आणि आयकराचा टीडीएस ०.१ टक्के. हे दर २०२४ मध्ये कमी झाले. आधी दोन्ही १ टक्का होते. हा खर्च नाही, रिटर्न भरलं की हिशोबात परत मिळतो. नफ्यातून वजा करू नका, पण रिटर्न भरायचं विसरूही नका.

मार्केटप्लेसचा खरा फायदा एकच, पण मोठा. तिथे माणूस 'गोडा मसाला' असं टाइप करून येतो. घ्यायचं त्याचं ठरलेलं असतं, तुम्ही फक्त दिसायचं असतं. खर्च प्रत्येक ऑर्डरमागे होतो. ऑर्डर नाही, तर खर्चही फारसा नाही. तोटा असा की ते गिऱ्हाईक तुमचं होत नाही. त्याचा फोन नंबर तुम्हाला मिळत नाही आणि खोक्यात 'पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या' अशी चिठ्ठी टाकणं बहुतेक मार्केटप्लेसच्या नियमांत बसत नाही. खातं बंद होऊ शकतं. दुसऱ्यांदा तेच गिऱ्हाईक आलं, तरी कमिशन पुन्हा भरायचं.

दुसरी वाट: डी-टू-सी

इथे कमिशन नाही. म्हणून लोकांना वाटतं, 'वेबसाइट काढली की ते सगळे पैसे वाचले.' आता हिशोब बघा.

तुमच्या वेबसाइटवर आपोआप कोणी येत नाही, आणावं लागतं. समजा इन्स्टाग्रामवर जाहिरात लावली. एका क्लिकला ₹५ पडले, १,००० जणांनी क्लिक केलं, खर्च ₹५,०००. त्यातून २२ ऑर्डर्स आल्या, २ परत आल्या, २० पोचल्या. म्हणजे पोचलेल्या एका नव्या गिऱ्हाईकामागे ₹२५०.

आता तीच जोडी, तीच किंमत, तुमचे ₹४६०. माल ₹१८०, खोका ₹१२. कुरियर ₹७०, कारण मार्केटप्लेसइतका स्वस्त दर छोट्या विक्रेत्याला मिळत नाही. पेमेंट गेटवे आणि कॅश ऑन डिलिव्हरीचा आकार मिळून सरासरी ₹२५. मग येतो परतीचा खर्च. नवं गिऱ्हाईक तुमच्या नावाला ओळखत नाही, म्हणून अर्धे लोक सीओडी मागतात. १०० पार्सलपैकी ५० सीओडी, त्यातली १० दारातून परत आली असं धरा. जायचे ₹७०, यायचे ₹६०, खोका ₹१२, म्हणजे एका परतीला ₹१४२. हा खर्च पोचलेल्या ९० ऑर्डर्सवर वाटला की प्रत्येकी ₹१६.

इथवर झाले ₹३०३. वर जाहिरातीचे ₹२५०. आणि पुन्हा तेच १८ टक्क्यांचं क्रेडिट: सेवा ₹३६१ च्या, जीएसटी ₹६५, वापरता येतो ₹२३, अडकले ₹४२. एकूण खर्च ₹५९५. आले होते ₹४६०.

पहिल्या ऑर्डरला तोटा ₹१३५.

घाबरू नका, डी-टू-सी असंच असतं. पहिल्या ऑर्डरला तुम्ही गिऱ्हाईक 'विकत' घेता आणि त्यानंतर ते पैसे वसूल करता. तेच गिऱ्हाईक पुढे स्वतःहून आलं, ऑनलाइन पैसे भरले, तर माल ₹१८०, खोका ₹१२, कुरियर ₹७०, गेटवे ₹१०, एकूण ₹२७२. उरले ₹१८८. मार्केटप्लेसच्या ₹१०७ पेक्षा कितीतरी जास्त.

मग कळीचा आकडा कुठला? ₹१३५ ला ₹१८८ ने भागा: ०.७२. म्हणजे १०० नवी गिऱ्हाईकं आणलीत तर त्यांच्याकडून मिळून निदान ७२ परतीच्या ऑर्डर्स आल्या पाहिजेत, तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर येता. १०० पैकी ३० जण परत आले आणि प्रत्येकाने अजून दोनदा घेतलं, तर ६० ऑर्डर्स झाल्या, अजून तोट्यातच. त्याच ३० जणांनी अजून तीनदा घेतलं तर ९० झाल्या आणि ₹३,४२० हातात आले. आणि मार्केटप्लेसवर १०० जोड्या विकून मिळाले असते तेवढे, म्हणजे ₹१०,७०० मिळवायचे असतील, तर १२९ परतीच्या ऑर्डर्स लागतात.

यातला धोका समजून घ्या, कारण घरगुती धंद्याचं भांडवल इथेच अडकतं. दोन पाऊच मसाला एका घराला साधारण तीन महिने पुरतो. जाहिरातीचे पैसे आज गेले, पण गिऱ्हाईक परत येतं की नाही हे तीन-चार महिन्यांनी कळणार. मधल्या काळात रोज ऑर्डर्स येताना दिसतात, हुरूप येतो, जाहिरातीचं बजेट वाढवलं जातं. दर १०० नव्या गिऱ्हाईकांमागे ₹१३,५०० बाहेर जातात आणि ती परततील याचा एकही पुरावा अजून हातात नसतो. ५०० गिऱ्हाईकांपर्यंत ही रक्कम ₹६७,५०० होते.

म्हणून पहिल्या १०० गिऱ्हाईकांवर थांबा. वहीत किंवा एक्सेलमध्ये महिन्याप्रमाणे तुकडी करा: जूनमध्ये पहिल्यांदा घेणारे किती, त्यांच्याकडून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत परतीच्या ऑर्डर्स किती. जूनच्या तुकडीची गाठ जुलैच्या नव्या गिऱ्हाईकांशी घालू नका. सगळं एकत्र मोजलं की नव्या ऑर्डर्सच्या गर्दीत परत न येणारे लपतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात तुकडीचा आकडा ७२ च्या दिशेने जाताना दिसला, तरच पुढचे पैसे लावा. २०-२५ वरच अडकला असेल, तर जाहिरात वाढवून तो सुधारत नाही. चव, ताजेपणा, किंमत किंवा आठवण करून देणं, यांपैकी कशात तरी कमी आहे.

आठवण करून देणं फुकटात होतं. मसाला संपत आला असेल त्या सुमारास, म्हणजे साधारण ७५-८० व्या दिवशी, परवानगी घेतलेल्या गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲपवर एक साधा मेसेज. मार्केटप्लेसवर हे करता येत नाही. डी-टू-सीच्या ₹१३५ मध्ये तुम्ही खरं तर हीच सोय विकत घेतलेली असते.

एक कागदपत्राची गोष्ट. 'माझी उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, मला जीएसटी नको' असं अनेक जण म्हणतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात स्वतःच्या वेबसाइटवरून माल विकताना ते ठीक आहे. पण करपात्र माल बेळगाव, बंगळूर, इंदूरला पाठवला की आंतरराज्य विक्री झाली आणि मग पहिल्या पाऊचपासून नोंदणी लागते. मार्केटप्लेसवर १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला नोंदणीशिवाय राज्यातल्या राज्यात विकता येतं, राज्याबाहेर नाही. एफएसएसएआयचा नंबर मात्र तिन्ही वाटांना लागतोच.

तिसरी वाट: सबस्क्रिप्शन, म्हणजे रतीब

इथे एक गैरसमज आधी दूर करू. सबस्क्रिप्शन ही तिसरी बाजारपेठ नाही. डी-टू-सीच्या गिऱ्हाईकाशी केलेला तो एक करार आहे: 'तू मला पुढच्या ऑर्डर्सची खात्री दे, मी तुला सूट देतो.' म्हणून विचारायचं ते एवढंच, की सूट किती दिली आणि त्या बदल्यात खात्री किती मिळाली.

समजा तुमची एक जुनी गिऱ्हाईक आहे. रतीब नसताना ती वर्षातून तीनदा जोडी घेते, मधे एखाद्या वेळी विसरते आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून भागवते. तुम्हाला वर्षाचे ३ × ₹१८८ = ₹५६४ मिळतात.

आता तुम्ही तिला रतीब सुचवला. दर तीन महिन्यांनी जोडी, किंमत ₹४८३ ऐवजी ₹४४१. जीएसटी जाऊन तुमचे ₹४२०. खर्च ₹२७६, कारण ऑटोपेचा थोडा आकार वाढला. उरले ₹१४४. वर्षाला चार फेऱ्या, ₹५७६. तीनाच्या चार ऑर्डर्स झाल्या, जास्तीचा माल केला, जास्तीचे खोके भरले आणि वर्षाकाठी वाढले ₹१२! ₹४२ ची सूट सगळं खाऊन गेली.

सूट निम्मी करून बघा. किंमत ₹४६२, तुमचे ₹४४०, उरले ₹१६४. चार फेऱ्यांचे ₹६५६, म्हणजे ₹९२ जास्त. आता जरा अर्थ आला.

पण हे सगळ्यांनी चारही फेऱ्या घेतल्या तर. प्रत्यक्षात दर फेरीला काही जण रतीब बंद करतात. समजा १०० जणांनी सुरू केला आणि दर फेरीला शंभरातले दहा सुटले: १००, ९०, ८१, ७३. वर्षाच्या फेऱ्या ३४४, पैसे ₹५६,४१६. रतीब नसता तर हेच १०० जण प्रत्येकी तीनदा घेऊन ₹५६,४०० देत होते. म्हणजे फायदा ₹१६, शंभर जणांत मिळून. आणि शंभरातले पंधरा सुटत असतील तर १००, ८५, ७२, ६१, म्हणजे ३१८ फेऱ्या आणि ₹५२,१५२. रतीब सुरू करून तुम्ही चार हजार रुपये गमावले. सोडून गेलेल्यांपैकी काही जण पुढे सुटी ऑर्डर देतील आणि थोडं भरून निघेल. पण मसाल्याच्या डब्याचा कंटाळा येऊन ज्याने रतीब बंद केला, तो लगेच परत येत नाही.

हा कंटाळा येतो कुठून? बहुतेक वेळा चवीमुळे नाही. घरात जुनं पाऊच अर्धं शिल्लक आहे आणि नवी जोडी दारात आली. एकदा चालतं. दुसऱ्यांदा आली की कपाटात चार पाऊच दिसतात आणि माणूस रतीबच बंद करून टाकतो. दूध रोज संपतं म्हणून त्याचा रतीब टिकतो. मसाला एका घरात दोन महिने पुरतो, दुसऱ्या घरात पाच. म्हणून गिऱ्हाईकाला ठरावीक 'दर महिना' लादू नका. दोन, तीन, चार महिने असे पर्याय द्या आणि 'ही फेरी नको, पुढची पाठवा' हे एका मेसेजवर करता आलं पाहिजे. फेरी पुढे ढकलणारा तुमचाच राहतो. ढकलायला जागा नसेल तर तो जातो. 'अजून आहे घरात' असे मेसेज वाढले, की रतीब सुटायची ती पहिली खूण समजा.

पैसे आपोआप कापण्याचे नियमही माहीत हवेत. युपीआय ऑटोपे २०२० पासून आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पहिल्या वेळी गिऱ्हाईकाने स्वतः मंजुरी द्यायची असते, त्यानंतर ₹१५,००० पर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. पण पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी गिऱ्हाईकाला सूचना जाते. ही सूचना तिने वाचली आणि घरात मसाला शिल्लक असेल, तर ती तिथेच बंद करते. म्हणून त्याच्या तीन-चार दिवस आधी तुमचा स्वतःचा मेसेज जाऊ द्या: 'या वेळी पाठवू की पुढे ढकलू?' दुसरी गळती खात्यात पैसे नसल्यामुळे होते. तिथे गिऱ्हाईकाला रतीब हवाच असतो, फक्त कपात फसलेली असते. अशांची वेगळी यादी करून लिंक पाठवा आणि पैसे आल्याशिवाय खोका भरू नका.

मोठ्या कंपन्याही याच गणितात अडकतात. अमेरिकेतली ब्लू एप्रन आठवड्याला स्वयंपाकाचं मोजून ठेवलेलं साहित्य घरी पाठवायची. जाहिरात आणि सुरुवातीच्या सवलतीवर गिऱ्हाईकं आणायची, पण त्यातली बरीच टिकायची नाहीत आणि त्यांच्या जागी पुन्हा जाहिरात करून नवी आणावी लागायची. जून २०१७ मध्ये कंपनीचा शेअर १० डॉलरला बाजारात आला. २०२३ मध्ये वंडर ग्रुपने अख्खी कंपनी साधारण १०.३ कोटी डॉलरला घेतली, म्हणजे सुरुवातीच्या बाजारमूल्याच्या अगदी छोट्या भागाला.

मग रतीब घ्यायचाच कशाला? त्याचा खरा फायदा ₹९२ पेक्षा खरेदीत आहे. पुढच्या तीन महिन्यांत निदान ८० जोड्या जाणार हे माहीत असेल, तर धणे-मिरची नव्या हंगामात योग्य भावाला किती भरायची हे ठरवता येतं, आणि मसाला करून ठेवण्याऐवजी ताजा करून पाठवता येतो. हा फायदा तुम्ही घेणार नसाल, खरेदी आठवड्याच्या आठवड्याला किराणा दुकानातूनच करणार असाल, तर सूट देऊन रतीब लावण्यात फारसा अर्थ नाही. आणि रतीब नव्या माणसाला सुचवू नका. ज्याने स्वतःहून दोनदा परत घेतलंय त्यालाच सुचवा, कारण त्याच्या घरी मसाला किती दिवसांत संपतो हे तुम्हाला त्याच्या तारखांवरूनच कळतं.

तिन्ही समोरासमोर

| | मार्केटप्लेस | डी-टू-सी | रतीब |
|---|---|---|---|
| पहिल्या जोडीला | +₹१०७ | −₹१३५ | जुन्यालाच द्यायचा |
| पुढच्या प्रत्येक जोडीला | साधारण तेवढेच | +₹१८८ | +₹१६४ |
| गिऱ्हाईकाचा नंबर कोणाकडे | त्यांच्याकडे | तुमच्याकडे | तुमच्याकडे |
| कुठला आकडा बघायचा | एका खोक्यामागे उरलेले रुपये | १०० नव्यांमागे परतीच्या ऑर्डर्स | दर फेरीला शंभरातले किती सुटले |
| कुठे तोटा सुरू होतो | सुट्या पाऊचवर | ७२ च्या खाली | १० च्या वर |

माल बदलला की हे चित्रही बदलतं. तुम्ही येवल्याची पैठणी विकत असाल तर रतीबाचा प्रश्नच नाही आणि परतीच्या ऑर्डर्सची वाट बघत बसणंही चुकीचं. तिथे पहिल्याच विक्रीत जाहिरातीचे पैसे निघाले पाहिजेत, आणि एका साडीत सुटणारे पैसे मोठे असल्यामुळे ते निघूही शकतात. मसाला, चहा, कॉफी, साबण, अगरबत्ती या संपणाऱ्या वस्तूंना डी-टू-सी परतीवर तगतं.

आपल्या मसाल्यापुरता क्रम असा लागतो. मार्केटप्लेसवर जोडीच लिस्ट करायची, सुटं पाऊच नाही. तिथून जे उरतं त्यावर घर आणि कच्चा माल चालवायचा. त्याच पैशातून वेबसाइटसाठी एका वेळी १०० गिऱ्हाईकांची तुकडी आणायची आणि चार-पाच महिने मोजत राहायचं. त्या तुकडीतून जे दोनदा परत आले, त्यांना छोट्या सुटीवर, मुभा असलेला रतीब द्यायचा.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचा सगळ्यात जास्त विकला जाणारा माल घ्या. गेल्या महिन्याचा सेटलमेंट रिपोर्ट आणि कुरियरचं बिल समोर ठेवा. एका ऑर्डरची किंमत, त्यातून जीएसटी वजा, मग वरच्या यादीप्रमाणे एकेक खर्च लिहा; १८ टक्क्यांचं न वापरलेलं क्रेडिट विसरू नका. शेवटी उरलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. तो ₹१० च्या आत असेल, तर जाहिरात वाढवायच्या आधी खोक्यात अजून काय बसतं ते बघा.

पुढच्या भागात आपण सेटलमेंट रिपोर्ट ओळीओळीने वाचू. तुमचा रिपोर्ट डाउनलोड करून ठेवा.